आत्याचा मेसेज आणि त्याला द्यायचं उत्तर

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं दोन गोष्टी सुरू होतात. मंगल कार्यालयांच्या तारखा लागायला लागतात, आणि ज्यांचं लग्न व्हायचंय त्या पोरापोरींच्या मोबाईलवर नातेवाइकांचे मेसेज यायला लागतात. चातुर्मासात मुहूर्त नसतात म्हणून चार महिने जे मनात दाबून ठेवलेलं असतं, ते कार्तिकात एकदम बाहेर पडतं. या मेसेजला काय उत्तर द्यावं हा प्रश्न मराठवाड्यातल्या हजारो घरांत दरवर्षी पडतो, आणि बहुतेक घरांत तो एक तर गप्प बसून नाही तर भांडून सोडवला जातो. माझं म्हणणं असं की उत्तर द्यावं, ज्याचं लग्न त्यानंच द्यावं, मायेनं द्यावं, आणि त्यात कारणं न देता निर्णय सांगावा. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

एक मेसेज समोर ठेवते. माझी मावसबहीण २८ वर्षांची आहे. माहेर औसा तालुक्यातलं, नोकरी नांदेडला, स्टाफ नर्स. २०२४ च्या दिवाळीनंतर तिच्या थोरल्या आत्याचा मेसेज आला. तिच्या परवानगीनं तो इथं देते, फक्त नावं काढली आहेत.

“बाळा, आबाचं वर्षश्राद्ध फाल्गुनात येतंय. त्याच्या आत घरात कार्य झालं तर झालं, नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं. तुझ्या बरोबरीच्या पोरींची लेकरं शाळेला जायलेत. सेलूचं स्थळ चांगलं आहे, पोरगा बँकेत, दहा एकर बागायत. रविवारी पाहुणे येतो म्हणायलेत. तुझ्या बापाला रात्र रात्र झोप नाही. अजून किती दिवस थांबायलीस ते एकदा सांगून टाक.”

हा मेसेज वाईट माणसाचा नाही. बारशाला या पोरीचं नाव याच आत्यानं ठेवलेलं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा या पोरीला आणि तिच्या धाकट्या भावाला आत्यानं परीक्षा संपताच आपल्या घरी नेलं आणि पाऊस पडेपर्यंत ठेवून घेतलं. आपल्याकडं नातेवाईक म्हणजे केवळ अक्षता टाकायला येणारी माणसं नसतात. विहीर आटली, कापूस गेला, दवाखान्यात पैसे कमी पडले की पहिला फोन त्यांनाच जातो. त्यामुळं ‘माझं आयुष्य आहे, तुम्हाला काय करायचंय’ हे उत्तर इथं खोटं ठरतं. त्यांचा आपल्यावर हक्क आहे. काळजीचा आहे, विचारण्याचाही आहे. ठरवण्याचा मात्र नाही, आणि ही रेघ कुठं ओढायची हे आपल्या उत्तरातून दिसलं पाहिजे.

मेसेज नीट वाचला तर त्यात पाच वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत: वर्षाच्या आतची मुदत, बरोबरीच्या पोरींशी तुलना, सेलूचं स्थळ, बापाची झोप आणि शेवटी प्रश्न. पाचही गोष्टींना उत्तर द्यायला बसलं की वाद सुरू होतो, कारण प्रत्येकीला प्रत्युत्तर तयार असतं. तुलनेला काही बोलायचंच नाही, ती तशीच सोडून द्यायची. स्थळाला आणि प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं. मुदतीकडं आणि बापाच्या झोपेकडं मात्र थांबून पाहावं लागतं.

आधी बापाची झोप. बहिणीला मी म्हणाले, आत्याला लिहायच्या आधी घरी फोन लाव. आपल्याकडं बाप पोरीशी लग्नाचं थेट बोलत नाही. तो बहिणीजवळ बोलतो, बहीण पोरीला लिहिते. त्यामुळं असा मेसेज आत्याचा स्वतःचा आहे की बापानं आत्याच्या तोंडून पाठवलाय, हे कळल्याशिवाय उत्तर लिहिलं तर ते भलत्याच माणसाला लागतं. बापाचंच म्हणणं असेल तर बोलणं बापाशी व्हायला हवं. आत्याशी लढून काही मिळत नाही.

तिनं फोन लावला. दादा, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, “झोपेचं मी बोललो होतो, पण ते सोयाबीनचं होतं.” त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या बराच खाली जात होता. दादांनी पोतीच्या पोती घरात रचून ठेवली होती, विकावं की थांबावं याचा घोर होता. बहिणीपाशी ते बोलले, आणि बहिणीनं तो घोर पोरीच्या लग्नाच्या खात्यावर मांडला. तिला तो तसाच दिसला असणार. मग दादा थोडं थांबून असंही म्हणाले की लोक विचारतात, नाही असं नाही, पण तू ठरव. हे वाक्य मिळाल्याशिवाय पुढचं उत्तर इतकं ठाम लिहिता आलं नसतं. ज्यांच्या घरून हे वाक्य मिळत नाही, त्यांना आधी ती लढाई घरात करावी लागते, आणि ती मेसेजवर होत नाही.

आता मुदत. घरात कुणी गेलं की वर्षाच्या आत शुभकार्य उरकायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं, असं आपल्याकडं बरीच घरं मानतात. याच्यावर आत्याशी वाद घालायची शिकल्यासवरल्या पोरांना फार हौस असते. शास्त्रात कुठं लिहिलंय ते दाखव म्हणायचं, किंवा अमक्याच्या घरी शांती करून दुसऱ्याच वर्षी लग्न झालंच की, असं दाखवून द्यायचं. हे खरं असलं तरी इथं लागू नाही, कारण आबा म्हणजे या आत्याचे वडील. ज्या घरातून बापाची तिरडी निघाली त्याच घरापुढं मांडव पडलेला तिला बघायचाय. माहेर अजून जितंजागतं आहे हे तिला डोळ्यांनी पाहायचंय. रूढीवर बोट ठेवलं की ते तिच्या दुःखावर पडतं. म्हणून रूढी खरी की खोटी यावर एक अक्षर लिहायचं नाही. तिचं दुःख ओळखल्याचं एक वाक्य लिहायचं आणि पुढं आपला निर्णय.

बहिणीनं पहिलं जे लिहिलं होतं ते असं: “आत्या, सध्या माझा विचार नाही. कायमस्वरूपीचं काम चाललंय, ते झाल्यावर बघू.” सोबत हात जोडल्याची खूण. वरवर पाहता हे नम्र आणि निरुपद्रवी उत्तर आहे. बहुतेक जण हेच पाठवतात, आणि बहुतेकांची फसगत इथंच होते.

‘सध्या’ म्हटलं की समोरचा विचारणारच, मग कधी? ‘कायमस्वरूपी झाल्यावर’ म्हटलं की आपणच त्याच्या हातात तारीख दिली. ती आत्या विसरणार नाही. सहा महिन्यांनी ऑर्डर निघाली की पेढ्याआधी तिचा फोन येईल, आणि मग नाही म्हटलं तर पोरीनं शब्द फिरवला असं होईल. ‘घराचं कर्ज फिटू दे’, ‘परीक्षेचा निकाल लागू दे’, ‘भावाचं शिक्षण होऊ दे’ ही सगळी कारणं याच जातीची आहेत. कारण दिलं की ते सोडवायला नातेवाईक धावून येतात, कारण अडचण सोडवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम आहे. नोकरीची अडचण आहे? पाहुणे म्हणतात लग्नानंतर नोकरी करू द्या. बदलीची अडचण आहे? त्यांचा एक जण आरोग्य खात्यात आहे. एकेक कारण असं दूर होत गेलं की शेवटी आपल्याजवळ फक्त ‘मला नको’ एवढंच उरतं, आणि तोपर्यंत ते हट्टासारखं ऐकू यायला लागतं. मग ते पहिल्यांदाच का म्हणू नये?

आणि ती हात जोडल्याची खूण. आमच्या वयाच्या माणसांना ती ‘नमस्कार, विषय संपला’ अशी वाटते. आत्याच्या पिढीला ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ अशी वाटते. पोरगी स्पष्ट नाही म्हणाली नाही म्हणजे लाजली, असा अर्थ काढणारी घरं अजून भरपूर आहेत. या मेसेजमध्ये तर रविवारी पाहुणे येणार होते. गुळमुळीत उत्तर गेलं असतं तर आत्यानं सेलूला होकार कळवला असता, गाडी भरून माणसं आली असती, पोहे झाले असते, आणि सोमवारी नकार गेला असता. सेलूचं स्थळ आत्याच्या सासरच्या नात्यातलं होतं. त्या नकाराचं तोंड आत्याला तिच्या सासरी पुढची दहा वर्षं दाखवावं लागलं असतं. पाहुणे निघायच्या आधी दिलेला स्पष्ट नकार आत्याच्याच भल्याचा असतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कडू बोलायला नको म्हणून लांबवत राहणं यात माया दिसते खरी, पण त्याचा भुर्दंड मध्यस्थी करणाऱ्या माणसाला बसतो.

शेवटी जे उत्तर गेलं ते असं:

“आत्या, तुझा मेसेज वाचला. आबा गेल्यापासून घर खायला उठतं, आणि त्या दारात मांडव पडावा असं तुला वाटतं, ते मला कळतं. पण वर्षाच्या आत मी लग्न करणार नाही. सेलूच्या पाहुण्यांना आजच कळव की मुलीनंच नको म्हटलंय, म्हणजे तुझ्यावर बोल येणार नाही आणि त्यांचा रविवार मोडणार नाही. माझा बायोडाटा मला विचारल्याशिवाय कुणाला पाठवू नको. दादांशी माझं बोलणं झालंय. लग्न कधी करायचं ते मी ठरवीन, आणि ठरलं की आई-दादांनंतर पहिला फोन तुला. संक्रांतीला येते, धपाटे करून ठेव.”

यात एकही कारण नाही. तारीख नाही. ‘सॉरी’ नाही, कारण माफी मागण्यासारखं काही घडलेलं नाही, आणि माफी मागितली की समोरच्याला वाटतं अजून थोडं रेटलं तर जमेल. ‘वर्षाच्या आत मी लग्न करणार नाही’ हे वाक्य मधोमध आहे आणि त्याच्या अलीकडं-पलीकडं आत्याची काळजी घेतलेली आहे. तिला पाहुण्यांना काय सांगायचं ते वाक्यही तयार करून दिलंय. हे मुद्दाम केलं. आत्याला रागापेक्षा जास्त भीती असते ती सासरच्या माणसांपुढं काय बोलू याची. तिची ती अडचण आपण सोडवली की आपल्या नकाराचा अर्धा कडूपणा जातो. ‘दादांशी बोलणं झालंय’ एवढंच लिहिलं. सोयाबीनचं काही लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर आत्या खोटी पडली असती, आणि भावा-बहिणीत उगीच एक गाठ बसली असती.

बायोडाट्याचं जरा वेगळं आहे. त्यात जन्मवेळ असते, फोटो असतो, बापाची जमीन असते, मामाचं गाव असतं आणि मोबाईल नंबर असतो. वधू-वरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो एकदा पडला की कुठून कुठं जातो ते कुणाला सांगता येत नाही. पाठवणाऱ्यानं ‘सगळ्यांसाठी हटवा’ केलं तरी ते साधारण दोन दिवसांच्या आतच करता येतं, आणि तोवर कुणी पुढं ढकलला असेल तर ती प्रत राहतेच. रात्रपाळी करणाऱ्या पोरीला दुपारी झोपेत अनोळखी माणसांचे फोन येतात, ‘बायोडाटा बघितला’ म्हणून. म्हणून ही विनंती म्हणून न लिहिता सरळ सांगायची. बायोडाटा करायचाच असेल तर त्यावर नंबर स्वतःचा न देता घरातल्या एका मोठ्या माणसाचा द्यावा.

हे सगळं फक्त आत्याला गेलं. घरच्या ग्रुपवर तिला कुणीतरी विचारलं तेव्हा तिनं एवढंच टाकलं की आत्याला मी वेगळं लिहिलंय. ग्रुपवर उत्तर दिलं की चुलत्यांपासून नव्या जावयापर्यंत सगळे पंच होतात, आणि चारचौघांत दिलेला नकार मोठ्या माणसाला सहन होत नाही.

नंतर काय झालं तेही सांगते, कारण एवढ्या चांगल्या उत्तरानं सगळं गोड झालं असं समजू नये. दोन निळ्या खुणा आल्या आणि आत्या गप्प झाली. तिनं माझ्या मावशीला फोन करून सुनावलं, की शिकवलं, नोकरीला लावलं, आता ऐकंना झाली. मावशीनं आधीच ठरवल्याप्रमाणं एकच वाक्य म्हटलं: “वन्सं, तिनं तुम्हाला लिहिलंय तेच.” हे फार कामाचं ठरतं. घरातल्या सगळ्यांनी एकच वाक्य बोलायचं. आईनं ‘मी समजावते तिला’ म्हटलं की पोरीचा निर्णय संपला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. महिनाभरानं आत्याचा दुसरा मेसेज आला, थोडा रागाचा. बहिणीनं पहिल्या उत्तरातलं निर्णयाचं वाक्य तसंच्या तसं पुन्हा लिहिलं, त्यात भर घातली नाही. दुसऱ्या वेळी लांबलचक लिहिलं की त्यात आपोआप कारणं शिरतात. संक्रांतीला ती गेली. आत्यानं धपाटे केले होते, विषयही काढला, आणि हिनं तोंडीही तेच सांगितलं. चैत्रात आत्याचा फोन आला: “एक स्थळ आहे, सांगू का?” हिनं ऐकून घेतलं, नको म्हणाली. आत्यानं पुढं रेटलं नाही. ‘सांगू का’ हे आधी विचारणं हा मला मोठा बदल वाटतो. स्थळं येऊ नयेत असं कुणाचंच म्हणणं नव्हतं.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. वय वाढलं की स्थळं कमी होतात, आणि बाईच्या बाबतीत पुढं मूल होण्यात अडचण येऊ शकते. दोन्ही खरं आहे. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता ठळकपणे कमी व्हायला लागते, हे माझ्या बहिणीला आत्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ती प्रसूती वॉर्डात काम करते. पण त्याच वॉर्डात ती १८-१९ वर्षांच्या, दुसऱ्या खेपेच्या, रक्त कमी असलेल्या पोरीही बघते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं, परभणी जिल्ह्यात जवळपास ४८ आणि बीडमध्ये जवळपास ४४ टक्के. म्हणजे निम्म्याच्या आसपास. आपल्या भागाला उशिरा लग्नांचा त्रास झालेला नाही. घाईच्या लग्नांचा झालाय. उशिराचा धोका जिला पत्करायचाय ती तो समजून पत्करते आहे. घाईचा धोका मात्र नेहमी दुसऱ्यानंच पोरीच्या वतीनं पत्करलेला असतो.

आणि म्हणूनच या उत्तराची मर्यादाही सांगायला हवी. हे उत्तर कमावत्या, सज्ञान, स्वतःची खोली असलेल्या माणसाला चालतं. केजच्या एखाद्या वस्तीवर आई-बाप उसाच्या फडावर जायच्या आधी १६ वर्षांच्या पोरीचं लग्न उरकत असतील, तर तिला कुणी मेसेज लिहायला शिकवू नये. तिथं २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा लागतो, गावात ग्रामसेवक हा त्यासाठीचा अधिकारी असतो, आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर कुणीही फिरवू शकतं. ज्याला हे कळलं त्या शेजाऱ्यानं, शिक्षकानं, आत्यानंसुद्धा तो फिरवायचा असतो. १८ च्या पुढची पण अजून घरच्यांच्या पैशावर शिकणारी पोरगी असेल तर तिनं एवढं ठाम लिहिण्याआधी घरातलं किंवा कॉलेजातलं एक मोठं माणूस आपल्या बाजूला उभं करावं, कारण तिचा नकार कॉलेज बंद होण्यावर जाऊ शकतो.

पोरांचं वेगळंच चाललंय. कोरडवाहू शेती करणाऱ्या तिशीतल्या पोराला ‘कधी करतोस’ असा मेसेज येतो तेव्हा बहुतेकदा त्याच्या हातात काहीच नसतं. मुलीकडचे नोकरी विचारतात, पाणी विचारतात, शहरात घर विचारतात. त्याला विचारणारा मामा हे सगळं जाणून असतो आणि तरीही विचारतो. अशा पोरानं ठामपणे निर्णय कसला सांगायचा? त्यानं वेगळं लिहावं असं मला वाटतं: “मामा, मी तयार आहे, पण चार ठिकाणांहून नकार आलाय. तुमच्या ओळखीत असेल तर बघा, नसेल तर दर सणाला विचारू नका, मला त्याचा त्रास होतो.” ‘त्रास होतो’ हे आपल्याकडच्या पोरांना लिहिता येत नाही. ते हसण्यावारी नेतात, लग्नाच्या पंगतीत वाढायला पुढं होतात, आणि मग हळूहळू पंगतींना जायचंच बंद करतात. त्यांच्या मामांनी आणि काकांनी हे वाचलं तर येत्या तुळशीच्या लग्नानंतर मेसेज पाठवण्याआधी त्यांनी एकदा फोन करून नुसतं शेताचं विचारावं.